कोळशाची रेघ

सावरवाडीच्या भीमनगरात लग्न असो की मयतानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भाकरी थापायला पहिलं बोलावणं पंचफुलाला जायचं. तिची भाकरी पातळ, काठाला सारखी आणि फुगली की टम्म. उलथण्याला ती हात लावत नसे. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायची, चुलीच्या तोंडाशी उभी केलेली बोटांनीच फिरवायची. गेल्या वर्षभरात तर ती निखाऱ्यावरची भाकरी अशी निवांत उचलू लागली होती की बाया थापायच्या थांबून बघत बसायच्या. "हिला इस्तू पण भितोय की काय," असं कुणी म्हणालं की पंचफुला वरवर "चला, काम करा" म्हणायची आणि आतून खूश व्हायची. कौतुक कुणाला आवडत नाही? तिला जरा जास्तच आवडायचं.

त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा बुडाला. लातूर वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. जिल्हा झाला की शिवारात पाणी खेळेल, असं सभेत सांगून गेलेली माणसं परत फिरकली नव्हती, पण गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम तेवढं निघालं. पंचफुलाचं घर सगळंच त्या कामावर होतं. नवरा व्यंकटी आणि मुलगा भीमा खोदायचे, सून पंचशीला आणि पंचफुला मातीच्या पाट्या वाहायच्या. सहा वर्षांची नात सुजाता बाभळीखाली खडे खेळत बसायची.

एका बुधवारी दुपारी, माणसं भाकरी खाऊन आडवी झालेली असताना, सायकलवरून शेषेराव नावाचा माणूस आला. दवाखान्याचा तपासणीस. खांद्याला कापडी पिशवी, खिशात पेन आणि कोंबडीचं एक पीस. तो दर कामावर जाऊन माणसांचं अंग तपासायचा. पोरं त्याला चट्टेवाला म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचा त्याला राग नव्हता.

बायांच्या रांगेत पंचफुलाचा नंबर आला. शेषेरावानं तिचा उजवा हात उलटा केला. करंगळीखाली तळहाताच्या कडेला मोठा फोड होता, फुटून वर माती बसलेला.

"मावशी, हे कवा भाजलं?"

"कुणास ठावं. भाकरी करताना लागलं आसंल."

"दुखत न्हाई?"

"न्हाई," पंचफुला म्हणाली, आणि मागं उभ्या असलेल्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मोठेपणानंच म्हणाली.

शेषेराव हसला नाही. तिला बाजूला बाभळीमागं बसवून त्यानं बाही वर करायला सांगितलं. मनगटाच्या वर बाहेरच्या बाजूला विड्याच्या पानाएवढा फिकट तांबूस चट्टा होता. वैशाखाच्या उन्हातही तेवढीच जागा कोरडी होती, बाकी हात घामानं चमकत होता.

"डोळे मिटा. जिथं लागंल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा."

पंचफुलानं डोळे मिटले. गालावर पीस लागलं, तिनं गालावर बोट ठेवलं. खांद्यावर लागलं, खांदा दाखवला. दंडावर लागलं, दंड दाखवला. मग तो थांबला. ती वाट बघत राहिली. हा आता पिशवी आवरायला लागला असेल असं समजून तिनं डोळे उघडले, तर तो तसाच बसला होता आणि त्याच्या पेनाचं टोक तिच्या चट्ट्यावर टेकलेलं होतं. टेकलेलं दिसत होतं आणि लागत नव्हतं.

त्यानं तिच्या कोपराच्या आतल्या हाडाशी बोटं फिरवली. तिथली शीर सुतळीसारखी जाड झाली होती. ती दाबल्यावर मात्र कळ निघाली. करंगळी बाहेर ताणून धरायला सांगून त्यानं आपल्या बोटानं दाबली, तर तिची करंगळी लगेच मिटली.

"मावशी, सरळ सांगतो," शेषेराव हलक्या आवाजात म्हणाला. "ह्ये कुष्ठरोगाचं लक्षण हाय. पर लई लौकर घावलं. बोटं अजून वाकडी न्हाईत. शुक्रवारी अमदपूरला दवाखान्यात या, डॉक्टरीणबाई बगतील."

"रगतपिती?" पंचफुलानं विचारलं.

"लोक तसं म्हणतेत."

ती पाटी घेऊन पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. दुपारनंतर तिनं नेहमीपेक्षा जास्त पाट्या टाकल्या.

शुक्रवारी बहिणीला बघून येते असं घरी सांगून ती येष्टीनं अहमदपूरला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, नावानं रुद्राणी, उदगीरकडची. तिनं गरम पाण्याची आणि गार पाण्याची काचेची नळी आळीपाळीनं चट्ट्याला लावली. पंचफुलाला दोन्ही सारख्याच. मग तिनं दोन्ही कानांच्या पाळ्या आणि चट्ट्याची कड चिमटीत धरून पात्यानं जरासं चिरलं, काचेच्या तुकड्यांवर पुसलं आणि दुर्बिणीवाल्याकडं दिलं. कानाला झोंबलं तेव्हा पंचफुलाला बरंच वाटलं. कुठंतरी दुखतंय, म्हणजे तेवढी ती शाबूत होती.

दुपारी डॉक्टरीणबाईनं तिला पुन्हा आत बोलावलं.

"काचेवर जंतू दिसले नाहीत, मावशी. तुमचा प्रकार कमी जंतूंचा आहे, तुमच्यापासून दुसऱ्याला व्हायची भीती जवळजवळ नाही. जेवा, झोपा, काम करा, सगळ्यांत बसा."

"आन् बोटं झडतेत ती?"

"आपोआप झडत नाहीत. कळत नाही म्हणून माणूस भाजतो, कापतो, जखम चिघळते, तसं होत होत जातात. म्हणून चुलीपासून हात सांभाळायचा. रोज हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं सरळ ताणायची. झोपताना रोज एक गोळी. तीन वर्षं तरी. चट्टा दिसेनासा झाला तरी बंद करायची नाही. लोक तिथंच चुकतात."

"शीर बरी हुईल?"

"जेवढं सुन्न झालंय ते सगळं परत येईलच असं मी म्हणणार नाही. पण पुढं वाढू नये म्हणूनच गोळी आहे. आणि कोपरात एकाएकी जास्त दुखायला लागलं, बोटाचं बळ गेलं, की दिवस न काढता यायचं."

पंचफुलाला हे बरं वाटलं. सगळं बरं होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाली असती तर तिनं काहीच खरं मानलं नसतं.

"घरी सांगितलं का?"

पंचफुलानं बाही खाली ओढली.

"मंगळवारी शेषेराव तुमच्या घरी येणार आहेत. घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलं तर बरं."

बाहेर व्हरांड्यात शेषेराव काडेपेटीएवढ्या डबीत गोळ्या भरून देत होता. तिनं त्यालाच विचारलं, "कसं सांगू रं? नाव घेतलं की घर भितंय."

"मग नाव आखरीला घ्या," तो म्हणाला. "आधी हात दाखवा. म्या बी तसंच करतो."

येष्टीत खिडकीशी बसल्यावर पंचफुला रडली. शेजारची बाई झोपली होती, ते एक बरं झालं. तिला स्वतःच्या मरणाची एवढी भीती वाटत नव्हती. तिला आठवत होती तिची माहेरची मावशी, सरजाबाई. रगतपिती झाली म्हणून सरजाबाईला गावानं नव्हे, घरानंच मळ्याच्या कडेला छपरात ठेवलं होतं. भाकरी पोचवायचं काम सात-आठ वर्षांच्या पंचफुलाकडं होतं. दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं पळायचं. एकदा सरजाबाई म्हणाली होती, "पोरी, जरा बस की." पंचफुला बसली नव्हती. आज चाळीस वर्षांनी तिला ते आठवून जी लाज वाटली, ती रोगाच्या नावापेक्षा जड होती. आणि दुसरं दुःख जरा हलकं, पण खुपणारंच. वर्षभर बाया जिचं कौतुक करत होत्या ती तिच्या हाताची कला नव्हतीच. तो रोग होता आणि ती त्यावर मिरवत होती.

घरी आल्यावर तिनं जे केलं ते अगदी तिच्याच डोक्यातून निघालं. ज्याची भीती वाटत होती तेच तिनं स्वतःच्या हातानं करून ठेवलं. दाढ दुखते असं सांगून ताट वेगळं घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून जेवली. भाकरी पंचशीलाला करायला लावली. सुजाता गोधडीत शिरायला आली तर "जा, आईपशी नीज" म्हणून हाकलली. चूळ भरायचा तांब्यासुद्धा बाजूला ठेवला. आपल्याला कुणी लांब करण्याआधी आपणच लांब झालेलं बरं, असा तिचा हिशोब.

घरानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. पंचशीला मुखेडकडची, लेक म्हणून लाडाची, सून म्हणून हळवी. तिला वाटलं, सासू आपल्यावर रुसली. आपल्या हातचं जेवण तिला गोड लागत नाही. तिच्या भाकरी जाड व्हायच्या हे खरं होतं, त्यामुळं तर तिची खात्रीच पटली. शनिवारी तिनं तीनदा पीठ मळलं. व्यंकटीला वाटलं, आपण तिला न विचारता शेळी विकली त्याचा राग आहे. तो दोन दिवस शेळीची बाजू मांडत हिंडत होता. "आगं, चारा कुटं हाय? तूच सांग, कुटं हाय?" पंचफुला काहीच सांगत नव्हती. भीमा तेवढा दाढेवर विश्वास ठेवून लवंग घेऊन आला.

सोमवारी काम लवकर सुटलं. दिवस अजून हातभर वर होता. पंचफुला विहिरीच्या वाटेनं टँकरचं पाणी घेऊन आली, तर घरामागं पंचशीला गाठोडं बांधत होती.

"कुटं निगालीस?"

"चार दिस मुखेडला जाऊन येते, आत्याबाई." सुनेनं मान वर केली नाही. "माझ्यानं तुमच्या जिवाला तरास हुतोय. तुम्ही नीट जेवत बी न्हाईत."

घर भिऊ नये म्हणून आपण गप्प बसलो आणि घर आपल्याच गप्प बसण्यानं मोडायला निघालं. पंचफुलानं डोक्यावरची घागर उतरवली.

"गाठुडं सोड," ती म्हणाली. "समद्यांना बोलाव अंगणात. खेळ खेळायचाय."

"खेळ?"

"बोलाव म्हणलं ना."

अंगणात सगळे बसले. काय चाललंय ते कुणालाच कळेना. पंचफुलानं खुराड्यातलं कोंबडीचं एक पीस उचलून आणलं. "डोळे मिटायचे. जितं लागंल तितं बोट ठिवायचं. जो हुकला तो हरला." सुजाता आधीच डोळे मिटून बसली. तिच्या नाकाला, कोपराला, पायाच्या अंगठ्याला पंचफुलानं पीस लावलं, पोर एकदाही हुकली नाही. पंचशीला हुकली नाही. भीमा हुकला नाही. तपासणी करताना पंचफुलाचा जीव दर खेपेला वर येत होता आणि बोट नीट पडलं की खाली बसत होता. तिला खेळाच्या आडून हेही बघायचं होतं.

व्यंकटीची पाळी आली. गाल, मान, हात, सगळं बरोबर. शेवटी तिनं त्याच्या टाचेला पीस लावलं. व्यंकटी डोळे मिटून ध्यानाला बसल्यासारखा बसून राहिला.

"आता लाव की," तो म्हणाला.

सगळे हसले. सुजाता तर लोळली. भीमा म्हणाला, "दादा हारले!" तीन दिवसांनी त्या अंगणात हसू उमटलं होतं, आणि पंचफुलाही हसली.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "पंचशीला, तू लाव. हितनं सुरू कर." तिनं बाही वर केली आणि डोळे मिटले.

दंड बरोबर. कोपर बरोबर. मग काही नाही.

"आत्याबाई, सांगा की. लावलंय."

"लावलं आसशील, पर मला कळंना." तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. उघडे ठेवून बोलायचं धाडस तिच्यात नव्हतं. "चुलीतला इझलेला कोळसा आण. कळंना तितनं कळायला लागंस्तोवर रेघ वड."

पंचशीला कोळसा घेऊन आली. पीस लावत गेली, विचारत गेली. "हितं?" "न्हाई." "हितं?" "हाव, कळलं." जिथं कळलं तिथं ती ठिपका देत गेली. मग ठिपके जोडून तिनं रेघ ओढली. चट्ट्याभोवती एक, आणि करंगळीच्या कडेनं मनगटापर्यंत दुसरी. पंचफुलानं डोळे उघडले. इतके दिवस तिच्या मनात तो रोग अख्ख्या अंगभर, अख्ख्या घरभर पसरला होता. आता तो दोन रेघांच्या आत होता. तिला स्वतःलाच धीर आला.

"येवढंच हाय," ती म्हणाली. "ह्या रेघंच्या आत मला कळत न्हाई, म्हणून भाजलं. अमदपूरला म्या बहिणीकडं न्हाई, दवाखान्यात गेल्ते. रोज एक गोळी, तीन वर्सं. काचंवर बगितलं, जंतू न्हाईत. तुमाला माझ्यापून हुनार न्हाई. उद्या तपासायला माणूस यील, त्याला तुमीबी इचारा." मग तिनं श्वास घेतला. "त्याला कुष्ठरोग म्हणतेत. रगतपिती."

सगळ्यांत आधी पंचशीला रडायला लागली.

"भिऊ नको गं," पंचफुला म्हणाली.

"भीत न्हाई!" पंचशीला रडता रडता ओरडली. "ह्याच्यासाटी ताट येगळं केलं? म्या तीन दिस म्हणते, माझं काय चुकलं, माझं काय चुकलं!" आणि तिनं सासूचा तो रेघ ओढलेला हात दोन्ही हातांनी धरून कपाळाला टेकवला. काळं तिच्या कपाळाला लागलं ते तिला कळलं नाही.

"माझ्या बाला गाव वरून पाणी वाडायचं," व्यंकटी म्हणाला. "वंजळ करून प्यायचा त्यो. म्या बगितलंय. आन् तू आपल्याच घरात भितीकडं तोंड करून जेवलीस. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. म्या सरजामावशीला..." पंचफुलानं बोलून टाकलं. दगडावरची भाकरी, मागं पळणं, जरा बस की, सगळं. आजवर तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. व्यंकटीनं ऐकून घेतलं.

"तवा तू लेकरू हुतीस," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा एकदम उतरला. त्यानं पाय मांडीवर ओढून टाच निरखली. "पंचफुले. मंग माझी टाच?"

पंचफुलानं पीस लावून बघितलं. कळेना. कोळशाच्या टोकानं टोचलं. कळेना. आता सगळे गंभीर झाले. व्यंकटीनं तोंड एवढंसं केलं. बायकोला धीर देणारा माणूस घटकेत तिच्या पदराशी येऊन बसला. "दोगांची गोळी एकाच टायमाला घिऊ," तो म्हणाला. पंचफुला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिची स्वतःची भीती तेवढ्यापुरती कुठं गेली ते तिला कळलंसुद्धा नाही.

मंगळवारी शेषेराव आला. जय भीम झाला. सांगायची तयारी करून आलेल्या माणसाला सांगायला काही उरलंच नव्हतं. घर उलट त्यालाच सांगत होतं. त्यानं एकेकाचं अंग बघितलं, कोपराच्या शिरा दाबल्या. पोर, सून, मुलगा साफ. व्यंकटीनं काही न बोलता टाच पुढं केली. शेषेरावानं ती उचलली, नखानं वरची कातडी खरवडली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मामा, ही टाच न्हाई, दगुड हाय. चाळीस वर्सं अनवाणी चाललाव. हितं पीस कुणालाच लागत न्हाई." मग त्यानं घोट्याजवळची, पावलाच्या वरची कातडी तपासली. व्यंकटीनं प्रत्येक ठिकाण दाखवलं, दोनदा तर लागायच्या आधीच दाखवलं. "काई न्हाई तुमाला. वर्सानं परत बगू समद्यांना."

व्यंकटी उठला, अंगावरची धूळ झटकली आणि मला आधीच माहीत होतं असा चेहरा केला. त्यावर कुणाला बोलायची सोयच उरली नाही. हसूनच बेजार झाले सगळे.

गुरुवारी अहमदपुराहून कुणी येणार होतं, त्याच्याकरवी व्यंकटीनं लांब दांड्याचं लोखंडी उलथणं मागवलं. संध्याकाळी ते त्यानं पंचफुलापुढं ठेवलं. आणि हाताला गुंडाळायला जुन्या धोतराची जाड घडी.

"हे आळशी बायांचं," पंचफुला म्हणाली.

"आसूं दे. आजपून आळशी हो."

ती चुलीपुढं बसली. पिठाला पाणी लावताना तिनं आपला हात बघितला. कोळशाची रेघ धुऊन गेली होती, पण कुठून कुठपर्यंत ते तिला पाठ झालं होतं. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि सवयीनं बोटं पुढं गेली.

"आजे!" सुजाता ओरडली.

पंचफुलानं हात मागं घेतला. उलथणं उचललं. ते तिला कुठून घालावं ते कळेना. घातलं ते आडवं घातलं, आणि भाकरी मधोमध तुटून अर्धी तव्यावर, अर्धी निखाऱ्यात पडली. अख्ख्या भीमनगरात जिची भाकरी कधी तुटली नव्हती तिची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

पंचशीलानं चिमट्यानं निखाऱ्यातला तुकडा काढला, फुंकून राख झाडली. तव्यावरचा दुसरा काढून त्याला जोडला. तोवर व्यंकटी ताट घेऊन आला होता. एकच ताट, मोठं. ते त्यानं मध्ये ठेवलं आणि पंचफुलाच्या बाजूला बसला.

"जाड झाली व्हय?" पंचफुलानं विचारलं.

"झाली की," व्यंकटी तोंडात घास घेऊन म्हणाला. "सुनेसारखी झाली. टाक दुसरी."

पंचफुलानं डोळे पदरानं पुसले आणि पिठाचा दुसरा उंडा हातात घेतला.